आभार पोहोचले, प्रकल्प नाही

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. काही शब्द माझे आहेत, पण तेही खऱ्याला धरूनच. माझी सवय ज्यांना ठाऊक आहे ते आत्ताच हसले असतील. हसा. पण मखमलाबाद नाक्याजवळ सायबर कॅफे चालवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. लोक नेटवर बसायला येतात आणि नेट बंद पडलं की बोलायला लागतात. आणि मोबाइलला बटणं होती त्या काळात नेट बरंच बंद पडायचं.

तेव्हा आमच्या शेजारच्या शाळेनं वेबसाइट काढली. सातवीच्या पोरांनी प्रकल्पाची फाइल शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत साइटवर चढवायची. फाइल दोन एमबीच्या आत हवी. नाही चढली तर सोमवारी साळुंके मॅडमना पालकांची चिठ्ठी: कोणती फाइल, कधी प्रयत्न केला, स्क्रीनवर काय आलं, किती दिवस हवेत. अशी सवलत वर्षातून दोनदाच. तिसऱ्यांदा शून्य.

घरी कॉम्प्युटर फार थोड्यांकडे. त्यामुळे फाइली माझ्याकडून चढायच्या, आणि न चढलेल्यांच्या चिठ्ठ्याही माझ्याच टेबलावर लिहिल्या जायच्या. मॅडम त्याच चिठ्ठीच्या खाली लाल पेनानं उत्तर लिहायच्या. ती उत्तरं वाचायला मी सोमवारची वाट बघायचो.

*

पहिली चिठ्ठी एका आजोबांची. नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. नातवाची फाइल अडकली म्हणून त्यांनी फूलस्केपवर अर्ज लिहिला. 'विषय', 'संदर्भ', 'सदर संगणक', 'उपरोक्त अडचण', शेवटी 'आपला आज्ञाधारक'. दोन पानं भरली.

मी म्हटलं, "आजोबा, थोडक्यात चाललं असतं."

"थोडक्यात लिहिलं की नामंजूर होतं," आजोबा म्हणाले. "नोकरीत तेच शिकलो."

मॅडमचं उत्तर आलं: "मुदत मंजूर. मात्र अर्जात फाइलचा उल्लेख राहून गेला आहे."

*

मग लोडशेडिंगचे दिवस आले. सगळ्या चिठ्ठ्यांत एकच कारण: लाइट गेली. बहुतेक वेळा खरंच जायची. फाइल अर्ध्यावर असताना गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझा यूपीएस तेवढ्यापुरता चीं चीं करायचा आणि तोही झोपायचा.

एका गृहस्थांनी मात्र शनिवारी मॅच बघितली आणि सोमवारी लिहिलं, "दुपारी चारला लाइट गेल्यामुळे फाइल चढू शकली नाही."

मॅडमचं उत्तर: "मीही तुमच्याच गल्लीत राहते. चार वाजता माझ्या मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरत होते. मुदत देते, कारण मुलाची चूक नाही."

ते गृहस्थ महिनाभर लांबच्या रस्त्यानं घरी जायचे.

*

एका ताईंच्या घरी कॉम्प्युटर होता, नेट नव्हतं. त्यांनी फाइल फ्लॉपीवर घालून आणली, मी चढवली, डोळ्याची पापणी लवायच्या आत चढली. मला तिथंच शंका यायला हवी होती. शाळेत ती उघडेना. ताईंनी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कॉपी केला होता. म्हणजे फाइलकडे जायचा नुसता पत्ता. खरी फाइल घरीच.

ताईंनी प्रामाणिकपणे तसंच लिहून दिलं. मॅडमचं उत्तर: "हजेरीपटावर नाव आले, मूल घरीच राहिले. बुधवारपर्यंत मूल पाठवा."

*

आणि आता तनुजाचा किस्सा.

तनुजाचे वडील दत्तूभाऊ झेंडू लावायचे. सायकलवर पोरीला घेऊन यायचे आणि ती काम करत असताना दारातच उभे राहायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. "कपड्यांना माती हाय," म्हणायचे. तनुजाच्या दोन्ही सवलती संपल्या होत्या. एक लोडशेडिंगनं खाल्ली, दुसरी माझ्या खराब फ्लॉपीनं. आता वार्षिक प्रकल्प होता, वीस मार्कांचा. विषय: झेंडूवरचा लाल कोळी. पानाच्या मागच्या बाजूला जाळं करणारे, टाचणीच्या टोकापेक्षा बारीक किडे. मामाच्या डिजिटल कॅमेऱ्यानं तिनं असे फोटो काढले होते की किड्यांचे पाय मोजावेत.

फाइल झाली नऊ एमबी. आमची साइट एवढी भली, की आधी अख्खी फाइल चढवून घ्यायची आणि मग सांगायची, मोठी आहे.

मी फोटो लहान केले. फाइल दोनच्या आत बसली. तनुजानं उघडून बघितली. "काका, किडे गेले."

खरंच, लाल ठिपक्यांचा नुसता चिखल झाला होता.

दारातून दत्तूभाऊ म्हणाले, "औषध न मारता गेले? मंग हे मशीन माझ्या वावरात लावा."

मग मी डोकं चालवलं. प्रकल्पाचे सहा तुकडे केले, प्रत्येक दोन एमबीच्या आत, आणि एकामागून एक चढवले. दर वेळी हिरव्या अक्षरांत 'अपलोड यशस्वी'. सहाव्या तुकड्याला मी चहा सांगितला. तनुजानं यादी उघडली, तर तिच्या नावापुढे एकच फाइल. साइट एका मुलाची एकच फाइल ठेवायची. नवी आली की जुनी पुसायची. शिल्लक राहिला शेवटचा तुकडा. त्यात एकच पान: आभार.

परत काही करेपर्यंत सहा वाजले आणि साइटची खिडकी बंद झाली. तनुजा रडली नाही. तिनं दप्तराचा पट्टा हाताला गुंडाळायला सुरुवात केली, ते जास्त वाईट होतं.

मी म्हटलं, "दत्तूभाऊ, चिठ्ठी लिहू. चूक माझी आहे, तसंच लिहितो."

"तुमची कशाला? जे झालं ते लिहा." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

"मॅडम, तनुजाची फाइल गेली नाय. फोटो मोठे हायेत. बारीक केले तर किडे दिसत नाहीत, आणि किडे हाच प्रकल्प हाय. तुकडे करून पाठवले, तर नव्यानं जुना पुसला. सगळं तयार हाय, सीडीवर देतो. ही तिसरी चिठ्ठी हाय, हे ठाऊक हाय. तरी दोन दिवस द्या."

सोमवारी तनुजा शाळेतून थेट माझ्याकडे आली. लाल पेन: "आभार पोहोचले. कशाबद्दल, तेही पाठवा. सीडी चालेल. किडे दिसायलाच हवेत, म्हणून एक पानही आणावे. तिसरी चिठ्ठी पहिल्यांदाच पटली."

तेव्हा मी ते आभाराचं पान नीट वाचलं. मॅडम होत्या, वडील होते, मामाचा कॅमेरा होता, आणि शेवटी, "नेट बंद असताना पैसे न लावणारे सायबरवाले काका". जन्मात एकदा माझं नाव कुठंतरी छापून आलं, आणि शाळेत पोहोचलं ते तेवढंच. मी तिला सीडी दिली आणि उगाचच दुकानाचा पंखा पुसत बसलो.

दत्तूभाऊंचा हात मोठा. मॅडमनी एक पान मागितलं, त्यांनी अख्खी कुंडी पाठवली. वर्गानं भिंगातून किडे बघितले आणि कुंडी शाळेच्या बागेत, बाकीच्या झेंडूशेजारी ठेवली.

थोड्या दिवसांनी दत्तूभाऊ एक चिठ्ठी घेऊन आले, वाचून दाखवा म्हणून. चष्मा घरी राहिला होता. चिठ्ठी वरपासून खालपर्यंत लाल पेनाची.

"आपल्या मुलीचा प्रकल्प पूर्ण मिळाला. वीसपैकी वीस. आता तो शाळेच्या सगळ्या झेंडूवर आणि हेडसरांच्या गुलाबावरही मिळतो आहे. फवारणीचा पंप घेऊन यावे. हेडसरांकडून मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे."

दत्तूभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले. "परत वाचा," म्हणाले. "वीसपासून."

आता कबुली. हेडसरांचा गुलाब मी घुसवलाय. तिथं नुसता झेंडूच होता. बाकी सगळं, किड्यांसकट, खरं.