शोभा गावातच राहिली

प्रिय श्रुती,

मुकुटबनहून मी निघाले तेव्हा आमची सगळी गल्ली एसटीच्या थांब्यावर आली होती. लग्नाला आठवडा झाला होता. तुझ्या आजोबांच्या हातात माझी पत्र्याची पेटी होती आणि माझ्या मांडीवर आईनं दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी. "तिकडं भातच खातेत म्हने, पोटाले लागन का तुह्या?" असं ती तिसऱ्यांदा म्हणत होती. खिडकीबाहेर शोभा उभी होती. शोभा म्हणजे समोरच्या घरातली माझी मैत्रीण. तिचं लग्न माझ्या आधी झालं, तेही गावातल्या गावात. बांगड्यांनी भरलेला हात आत घालून तिनं मला कुंकू लावलं. म्हणाली, "पोचली का चिठ्ठी टाक व." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुला चिठ्ठी टाकते माझी चप्पल.

बस हलली. आई रडली, बाबा उगाच कंडक्टरशी बोलत राहिले. मी रडले नाही. मला हलकं वाटत होतं. वाटलं, सुटले. आता हिचं तोंड रोज पाहायला नको.

तू रविवारी फोनवर म्हणालीस, "आजी, मी टीसी काढते. तिकडंच कॉलेज पाह्य माह्यासाठी. मले इथं राहाचंच नाही." मी कारण विचारलं तर म्हणालीस, "तुले काय समजते त्यातलं?" तुझ्या आईनं मला ते आधीच सांगितलं होतं. तो वर्गातला मुलगा आता तुझ्याच मैत्रिणीबरोबर फिरतो आणि तू दुसऱ्या नावाचं अकाउंट काढून तिच्या स्टोऱ्या बघत बसतेस. मला काय समजतं ते लिहिते. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू अर्धं वाचून अंगठा पाठवला असतास, म्हणून कागदावर लिहून कुरियर करते आहे.

त्याचं नाव सांगत नाही. त्याला आता नातवंडं आहेत. तो नागपूरला शिकायचा आणि सुट्टीत गावी यायचा. पिठाच्या चक्कीवर भेट व्हायची. तुमच्यासारखं फिरणं-बिरणं काही नव्हतं. डबा खाली ठेवायचा, नंबर येईपर्यंत चार वाक्यं बोलायची आणि ती चार वाक्यं महिनाभर पुरवायची. "नोकरी लागली का घरी विचारतो," असं तो म्हणाला होता. मी धरून बसले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत त्यानं मला नागपूरहून संत्र्याची बर्फी आणून दिली. "कोनाले दाखवू नको. फक्त तुह्यासाठी आनली." मी ती धान्याच्या कोठीमागं लपवून चिमटीचिमटीनं खाल्ली.

ते दिवस भुलाबाईचे होते. आम्ही मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणायचो. शेवटी त्या घरची मुलगी झाकलेल्या डब्यात खिरापत घेऊन यायची. ती ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. कोणी डबा हलवून आवाज ऐकायचं, कोणी विचारायचं, गोड का तिखट? शोभाच्या घरी त्या दिवशी कोणाला काही ओळखता येईना. लाडू झाले, वड्या झाल्या, खोबऱ्याचा कीस झाला. डबा फिरत माझ्या हातात आला. झाकणाच्या फटीतून वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "संत्र्याची बर्फी."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. शोभानं तेवढा माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग हळूच म्हणाली, "तुले कसं समजलं व?"

गावात ती बर्फी कोणाकडं मिळत नव्हती. मला कसं समजलं हे मी सांगू शकत नव्हते आणि तिच्याकडं ती कुठून आली हे ती सांगू शकत नव्हती. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींना सगळं कळलं. मग तिनं डबा उघडून सगळ्यांना बर्फी वाटली. मलाही माझा तुकडा खावा लागला. नाही म्हटलं असतं तर पोरींनी विचारलं असतं, काहून व?

पुढं तुळशीचं लग्न झाल्यावर त्याच्या घरच्यांनी शोभाला मागणी घातली. तो चक्कीवर मला म्हणाला, "घरचे ऐकूनच नाही राह्यले." सगळे असंच म्हणतात. तुझा काय म्हणाला ते तू सांगितलं नाहीस, पण त्याहून वेगळं नसणार.

त्यानंतर जे होतं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की ते तुझ्या एकटीचं आहे. सकाळी डोळा उघडला की क्षणभर काही आठवत नाही, आणि मग आठवतं. घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. दिवसभर मनात त्याला बोलायची वाक्यं तयार होतात, प्रत्येक वेळी आधीपेक्षा झोंबरी. मागचे सगळे दिवस पुन्हा तपासून होतात, कधी सुरू झालं असेल, तेव्हा की त्याच्या आधी? आणि राग त्याच्यावर येत नाही. तो तिच्यावर येतो. मला शोभाचे केस दिसायचे, माझ्यापेक्षा लांब. तिचं हसणं, तिच्या वडिलांची शेती, कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब. एकेक गोष्ट घेऊन मी स्वतःला तिच्याशेजारी उभं करायची आणि हरवायची. तिचं लग्न झाल्यावर तर तिच्या सासरच्या घरावरून जायला लांबच्या वाटेनं पाण्याला जायची. तिच्या दोरीवर नवी साडी वाळत असली की तो दिवस गेला. पाहून पोटातली आग घटकाभर शांत व्हायची आणि मग दुप्पट पेटायची. तुझ्या त्या अकाउंटचं असंच आहे. फरक एवढाच की माझी दोरी एक होती, तुझी खिशात असते.

मला दोन स्थळं आली. एक केळापूरचं, घरची शेती, माहेर जवळ. बाबांना ते पसंत होतं. दुसरं हैदराबादचं, कंपनीत स्टोअरकीपर. आई म्हणाली, "जवळची सोयरीक पाह्य बाई. बिमार पडली त पोरगी पाहाले त भेटन." मी हट्टानं हैदराबाद घेतलं. केळापूरला दिलं असतं तर प्रत्येक सणाला माहेरी शोभा समोर आली असती. हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं पोरीला शहराची हौस आहे. तुझे आजोबा चांगले निघाले हे माझं नशीब. मी त्यांना पाहून कुठं हो म्हटलं होतं? मी नकाशा पाहून हो म्हटलं होतं.

इथं काचीगुड्याला एका खोलीत संसार मांडला. घरमालकीण अम्मा तेलुगू बोलायच्या, मी वऱ्हाडी. पहिले सहा महिने आम्ही दोघी हातवाऱ्यांवर जगलो. मी चारू म्हणजे इथलं चिंचेचं सार करायला शिकले, गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी निवडायला शिकले, भाजीवाल्याशी तेलुगूत घासाघीस करायला शिकले. दुपारी काम संपलं की मात्र मनात शोभा यायची.

गावात असते तर ती मला रोज दिसली असती. घामानं भिजलेली, सासूची बोलणी खाल्लेली, नवऱ्याशी तोंड फुगवून बसलेली. डोळ्यांनी पाहिलं असतं तर मत्सर आपोआप झिजला असता. इथं मला ती दिसत नव्हती म्हणून मी तिला मनात सजवत बसले. माझ्या मनातली शोभा कधी थकली नाही, कधी आजारी पडली नाही. आईच्या पत्रात दोन ओळी तिच्याबद्दल असायच्या, "शोभाच्या शेतात कापसाची पहिली वेचणी झाली, सीतादही केलं, आम्हाले बलावलं." कापूस वेचायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आम्ही पोरी त्या दहीभातासाठी धावत जायचो. ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. तेव्हा लक्षात आलं की त्या ओळीत मी त्याला शोधतच नव्हते. मला शेत हवं होतं.

माणूस केव्हाच पुसला गेला होता, श्रुती. कधी, ते सांगता येत नाही. एक दिवस तेल आणायला विसरावं तशी मी त्याला आठवायला विसरले. आज त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तरी मिशीपुढं जात नाही. मत्सर मात्र राहिला. त्यानं नुसती जागा बदलली. शोभाला गाव मिळालं, आणि ते मीच माझ्या हातानं तिला देऊन आले होते.

आई शेवटी आजारी पडली तेव्हा भाऊ शेतावर, वहिनी तिच्या बाळंतपणात. शोभा सकाळ-संध्याकाळ येऊन आईला भरवायची, अंग पुसायची. मी निरोप मिळताच बसनं निघाले, तरी पोचायला उशीर झाला. ओसरीवर शोभा माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काकू तुलेच हाका मारत होती व. मीच ओ देल्ली."

तिनं ते चांगल्या मनानं केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या क्षणी मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी त्या बर्फीच्या दिवशीही जळले नव्हते. त्याला नेलंस ते ठीक होतं. माझ्या आईला माझी ओ तू दिलीस. मी तिच्याशी धड दोन शब्दही बोलले नाही. तेराव्यानंतर परत आले.

तर तू टीसी काढू नकोस. हे लिहिताना मला आनंद होत नाही. आजोबा गेल्यापासून हे घर मोठं वाटतं. तुझा फोन आल्यावर मी मागची खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकली, आणि कॉलेज कुठलं जवळ पडेल तेही शेजारणीला विचारून आले. तू आलीस तर मला हवंच आहे. पण तू माझ्याकडं येत नाहीस, तू त्या दोघांपासून पळते आहेस. इथं आलीस की ते दोघं तुझ्या डोक्यात चोवीस तास हसत राहतील, आणि यवतमाळ, तुझा वर्ग, तुझा आर्णी रोडवरचा चहा, तुझ्या मैत्रिणी, सगळं त्यांचं होऊन जाईल. तू फक्त मुलगा गमावला आहेस. त्याच्यापायी गावही देऊन बसू नको.

वर्गात जा. ते दोघं समोर बसले तर बसू दे. त्यांना जांभया देताना पाहा, पेपरात नापास होताना पाहा, भांडताना पाहा. ते खोटं अकाउंट आईसमोर बंद कर. जेवण जात नसेल तर ताकभात खा, तो उतरतो. रडायचं तर न्हाताना रड, डोळे लाल का झाले ते कोणी विचारत नाही.

दिवाळीत मी येते. दोन दिवस तुमच्याकडं राहीन आणि मग आपण दोघी मुकुटबनला जाऊ. भावानं घर विकलं, त्यामुळं तिथं आता माझं असं काही नाही. शोभा मात्र दरवर्षी निरोप धाडते, "येऊन जाय व एकदा." मी दरवर्षी काहीतरी कारण काढते. तुला रस्ता न बदलता वर्गात जायला सांगते आहे, तर मलाही तिच्या अंगणात जावं लागेल. गाव अजून माझं आहे का, ते तिच्या दारातून आत गेल्यावरच कळेल. थोडी जळेन, तू सोबत असशील. तिच्या हातचं जेवायला जमलं तर जेवू, नाहीतर चहा पिऊन उठू.

तुझी,
आजी