आईच्या व्हिडिओची दोन शीर्षकं

आई गेली तेव्हा तिच्या चॅनलचा एक व्हिडिओ टाकायचा राहिला होता. तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे एका शिंपेसकट शिजवलेलं शिंपल्यांचं कालवण. आमच्या लालबागच्या स्वयंपाकघरात मीच तो शूट केला होता.

भाऊ म्हणाला, ‘‘ताई, शीर्षक ‘आईचा शेवटचा व्हिडिओ’ देऊया.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘लाज वाटते का रे? आईच्या मरणावर क्लिक मागतोस?’’ मला ‘तिसऱ्यांची एकशिपी, आमच्या आईची पद्धत’ एवढंच हवं होतं. आई होती तशी दिसावी, बस.

शेवटी ठरलं, दोन्ही लावून बघायची. फोटो तोच, व्हिडिओ तोच. निम्म्या लोकांना त्याचं शीर्षक दिसणार, निम्म्यांना माझं. जे जिंकेल ते राहील. हे मी नाइलाजाने कबूल केलं.

पहिल्याच दिवशी त्याच्या शीर्षकावर जवळजवळ दुप्पट क्लिक. ‘‘बघ!’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘थांब जरा. क्लिक करून लोक टिकतात का ते बघू.’’

पंधरवडा गेला. निकाल उघडला, तर क्लिक त्याचीच जास्त होती, पण बघण्याचा एकूण वेळ माझ्या शीर्षकाचा जास्त भरला. त्याच्याकडे आलेले लोक मिनिटभरात पळत होते. रडायला आलेले बिचारे, आणि समोर आई विळीवर तिसऱ्या उघडत बडबडतेय, ‘‘तोंड वासलेली घेव नको गो, मेलेली असता ती.’’ माझ्याकडचे मात्र रेसिपीसाठी आलेले. खोबरं वाटून कालवण उकळेपर्यंत बसत होते.

मी जिंकले म्हणून ओरडणार होते. भाऊ खाली मान घालून म्हणाला, ‘‘मीपण तिथेच बंद करतो गं. तिचा आवाज आला की पुढे बघवतच नाही.’’ दोघंही रडलो.

माझं शीर्षक राहिलं. व्हिडिओ चालला, अजून चालतोय. आणि खाली लोक लिहितात. ‘काकू, तब्येत सांभाळा.’ ‘काकू, आता खेकडे कधी दाखवताय?’ त्यांना कोण सांगणार? शीर्षकात तर काहीच नाही. भाऊ म्हणतो, ‘‘तुलाच हवं होतं ना असं?’’ टोमणा नसतो तो, पण लागतो.

काल प्रभादेवीच्या एका बाईंनी विचारलं, ‘काकू, एवढं सगळं करून दमत नाही का हो?’ खरं काय ते सांगून टाकायचं, म्हणून मी लिहायला बसले. चॅनल आईच्याच नावाचं, उत्तरही तिच्याच नावाने जातं.

मी लिहिलं, ‘नाही गो, आता नाही दमत.’