राहिलेला शब्द

लग्न होऊन टेमघरला आले तेव्हा सासऱ्यांची मला भीती वाटायची. ते फारसं बोलत नसत. भिवंडीतल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवले होते, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. छापखान्यात संगणक आला तसे ते घरी बसले. सकाळी चहा, मग व्हरांड्यातली खुर्ची. मागच्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट दिवसभर चालायचा, त्यामुळे घरात कुणी गप्प असलं तरी शांत असं कधी वाटायचं नाही.

रविवारी मात्र ते बदलायचे. पेपराच्या पुरवणीत एक कोडं यायचं, तेवढ्यासाठी पेपर आधी त्यांच्याकडे जायचा. एके रविवारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी वर न बघताच विचारलं, "कमळातलं कुठलं अक्षर काढशील?"

मला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी खुर्ची सरकवून पुरवणी दाखवली. डावीकडे शब्द दिलेले होते. प्रत्येक शब्दातून एक अक्षर काढायचं, उरेल तोही अर्थाचा शब्द हवा. काढलेली अक्षरं वरून खाली वाचली की शेवटचं उत्तर तयार होतं.

"म काढला तर कळ," मी म्हटलं.

"क काढला तर मळ. ळ काढला तर कम. तीन निघतात ना? मग कुठला घ्यायचा?"

मी पुरवणीवर वाकले.

"समोर सूचना हाय ती वाच. वेदना, असं लिवलंय. म्हणजे कळ ठेवायची, म काढायचा." मग बोट वर करून म्हणाले, "आणि जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर. त्यातला अर्धा तुकडा तोडायचा न्हाय."

त्या दिवसापासून रविवारची सकाळ आमची झाली. मी पोळ्या लाटता लाटता आतून शब्द सुचवायचे, ते बाहेरून "न्हाय, न्हाय" करायचे. उत्तर निघालं की ते पोस्टकार्डावर लिहायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांची नावं पुढच्या रविवारी छापून यायची. स्वतःचं नाव दिसलं की ते पुरवणी घडी घालून माझ्यापुढे ठेवायचे, बोलायचे काही नाहीत.

माहेरी माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

एका रविवारी कोडं सोपं होतं. कपाट, सरडा, वजन, कसरत. सूचना होत्या: बसायची फळी, अंगणातलं शिंपण, लोक, उणीव. खाली शेवटच्या उत्तराची सूचना, सुताराचं हत्यार. मला आतूनच आलं. कपाटातून क गेला, पाट राहिला. सरड्यातून र गेला, सडा. वजनातून व गेला, जन. कसरतीतून त गेला, कसर. करवत.

मी बाहेर आले तर ते पोस्टकार्ड लिहून बसले होते. त्यावर लिहिलं होतं, कर्जत.

"बाबा, हे काय?"

"कर्जत. वजनातला ज काढला, वन राहिलं. क, र, ज, त."

"पण तिथं लोक म्हटलंय. वन म्हणजे जंगल ना. आणि खाली सुताराचं हत्यार लिहिलंय."

"कर्जत हाय!" ते एकदम ओरडले. "मी गेलोय तिथं."

चूक कुणाचीही होते. पण कर्जतमधला र अर्धा असतो, तो ज च्या डोक्यावर बसतो, आणि यांनी काढला होता अख्खा र. असला र ज्या माणसाला कधी चालला नाही, तोच आता माझ्यावर डोळे वटारून बघत होता. मी पोस्टकार्ड उचललं आणि टाकून येते म्हटलं.

नवरा अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. संध्याकाळी ड्युटीवरून आला तेव्हा मी त्याला सांगितलं.

"झोप झाली नसेल," तो म्हणाला. "पेपरातल्या कोड्यावरून माणसाला काय ठरवतेस तू?"

"तू कधी बसला आहेस त्यांच्याबरोबर?"

त्याने ताट पुढे ओढलं आणि विषय संपवला. सासूबाई असत्या तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, पण त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. कधी बरोबर यायचं, कधी ते सूचना न वाचताच अक्षर काढायचे. एकदा त्यांनी प्रत्येक शब्दातलं पहिलंच अक्षर काढून ठेवलं आणि खाली काय झालं ते वाचायचा प्रयत्न करत बसले. मी शेजारी उभी होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पोरी, मला कळतंय."

"काय कळतंय, बाबा?"

"शब्द दिसतो. अक्षर पण दिसतं. काढल्यावर मागं काय राह्यलं, तेच दिसत न्हाय."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. "तुझ्या नवऱ्याला सांगू नको एवढ्यात. घाबरेल."

पण सांगावं लागलंच. बाजारातून येताना ते घराची गल्ली चुकले आणि लूमवरच्या एका कामगाराने, "चाचा, घर किधर है आपका?" असं विचारत विचारत त्यांना आणून सोडलं. मग नवरा त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि त्यांना बोलतं ठेवा म्हणाले. रिक्षातून उतरताना नवरा मला म्हणाला, "तू सांगत होतीस." मला ते ऐकून जराही बरं वाटलं नाही.

पुरवणीतलं कोडं आता त्यांना झेपेना. मग मीच पाटीवर छोटी कोडी लिहायला लागले. दोनच शब्द. नगारा, काळजी. सूचना, आभाळातून पडणाऱ्या आणि निकाह लावणारे. त्यांनी खूप वेळ घेतला. ओठ हलत होते. मग न खोडला, गारा राहिल्या. ळ खोडला, काजी राहिले. "नळ," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

तेही हळूहळू बंद पडलं. एक दिवस मी एकच शब्द लिहिला, चिमणी. सूचना तोंडीच सांगितली, माळेत ओवतात तो. पहिलं अक्षर काढलं की मणी राहणार होता.

ते पाटीकडे बघत राहिले. एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"चिमणी हाय," ते म्हणाले.

"हो. आता एक अक्षर काढा."

"कशाला?" त्यांनी पाटी छातीशी धरली. "चांगली हाय ना. कशाला तोडतेस तिला?"

मी पुन्हा कधी कोडं घातलं नाही. नुसते शब्द लिहून द्यायचे, ते वाचायचे. पुढे वाचणंही गेलं, तेव्हा मीच मोठ्याने वाचायचे आणि ते ऐकत बसायचे. माझं नाव विसरले होते, पण आवाज ओळखायचे, असं मी धरून चालले.

ते गेल्यावरही पेपर येत राहिला. एका रविवारी नवरा पुरवणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"हे सोडवतात कसं?"

माझे हात कणकेत होते. नंतर सांगते, म्हटलं. तो पुरवणी फ्रिजवर ठेवून अंघोळीला गेला. मी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानेही परत विचारलं नाही.