अर्धीच केलेली तयारी

लातूरला पाण्याचा टँकर यायला लागला त्या उन्हाळ्यात माझ्या मांडीला दुसऱ्यांदा दुखापत झाली. पहिली दुखापत हिवाळ्यातली, छोटी होती. मी शाळेत गणित शिकवायचो, सोमवारी आणि गुरुवारी जिममध्ये वजन उचलायचो आणि रविवारी फुटबॉल खेळायचो. वय अडतीस. मैदानावर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरांबरोबर पळताना आपण अजून त्यांच्यातलेच आहोत असं वाटायचं. त्या वाटण्यासाठीच मी खेळत होतो.

पहिल्या दुखापतीनंतर ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी मांडीची मागची बाजू दाबून पाहिली, पालथं झोपवून टाच ओढायला लावली आणि व्यायाम लिहून दिले. सोमवारी बारबेल मांडीवरून घसरत खाली नेत कंबर मागे ढकलायची, पाठ सरळ ठेवून. गुरुवारी गुडघ्यांवर बसायचं, कोणीतरी घोटे धरायचे आणि अंग हळूहळू पुढे सोडायचं. जिमचे उस्ताद माझ्या घोट्यांवर स्वतः बसायचे. पहिल्या दिवशी मी पोत्यासारखा तोंडावर पडलो. दोन महिन्यांनी जवळजवळ जमिनीपर्यंत अंग रोखून धरायला लागलो. उस्ताद म्हणाले, "गुरुजी, पाय लोखंडाचा झाला की."

पण चिठ्ठीत तिसरी गोष्टही होती. मंगळवारी पळायचं. आधी पूर्ण दम घेऊन थोड्याच धावा, दर आठवड्याला वेग वाढवत. पाय पूर्ण वेग झेलू लागला की मग तीस मीटरच्या सहा धावा, दोन धावांमध्ये फक्त वीस-पंचवीस सेकंद, चार मिनिटं थांबून पुन्हा सहा. बाई म्हणाल्या होत्या, "सर, वजनानं ताकद येते. पण पाचव्या-सहाव्या धावेत पाय थकलेला असताना काय होतं, ते पायाला पळूनच शिकवावं लागतं."

मी तीन मंगळवार पळालो. मग मैदानाच्या अर्ध्या भागात टँकर उभे राहायला लागले, चाकांच्या चरांनी जमीन उखडली. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. घामानं निथळत घरी आलो की बायको माझ्यासाठी अर्धी बादली काढून ठेवायची. त्या अर्ध्या बादलीची लाज वाटून मी पळणं सोडलं. दुखत नव्हतं. वजन वाढत होतं. मला ते पुरेसं वाटलं.

एप्रिलमध्ये नांदेडच्या संघानं सामन्याला बोलावलं. आमचे कप्तान उदगीरचे, डाळीचे व्यापारी. गाडीत त्यांचं आणि गोलकीपरचं उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावर भांडण चाललं होतं. मध्येच त्यांनी मला विचारलं, "पाय कसा हाय गुरुजी? खरं सांगा."

"एकदम तयार," मी म्हणालो.

बाईंनी सांगितलं होतं, सुरुवातीला वीस मिनिटंच खेळा. पण आमचे अकराच जण आले होते, बदली कोणी नव्हतं.

पूर्वार्ध निभला. उत्तरार्धात त्यांचा एक पोरगा माझ्याच बाजूनं लागोपाठ येत राहिला. एकदा परत पळालो, दोनदा, तीनदा. दर वेळी वाटायचं, आता थोडं चालत जावं. चौथ्यांदा चेंडू त्याच्या पुढे पडला. मी पाऊल लांब टाकलं आणि ते जमिनीला टेकायच्या आत मांडीत वर, कुल्ल्याखाली, काहीतरी तुटलं. मी पडलो. तो गोल करून परत आला आणि मला उठवायला हात पुढे केला. मला तो धरताही आला नाही.

कप्तान वाकले. "तुमी तर तयार म्हणला होता."

मी मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली.

या वेळी स्नायू नाही, तो हाडाला जोडणारी कंडरा अर्धी फाटली होती. बाईंनी रिपोर्ट पाहिला. "धावा केल्या होत्या?"

"तीन आठवडे."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सहा महिने तरी," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. मी काठी घेऊन ओट्यावर उभा असायचो, बसलं की कुल्ल्याखाली कळ यायची. बायको दोन्ही हातांत घागरी घेऊन तीन-तीन खेपा करायची. शेजारची म्हातारी म्हणाली, "मास्तर, येवढी वजनं उचलता म्हणं तुमी." तिनं ते चिडवायला म्हटलं नव्हतं. बायकोनं मान खाली घातली आणि घागर घेऊन आत गेली.

पाऊस आला, पण मैदान पुन्हा सपाट झालं नाही. संघ पांगला. मी अजूनही सोमवारी आणि गुरुवारी जिमला जातो. उस्ताद घोट्यांवर बसतात, मी अंग सोडतो, कुठेही दुखत नाही. एकदा शाळेच्या मागच्या रस्त्यावर कोणी नसताना पळून पाहिलं. वेग वाढायला लागला तसा पाय आपोआप आखडला आणि मी चालायला लागलो. त्यानंतर पळालो नाही.