गाडी गेल्यावरचा लाल

तिला गल्लीत सगळे 'टाइमटेबल' म्हणत. इंजिन ड्रायव्हरशी लग्न होऊन ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली त्याला चोवीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं तिने मागच्या गॅलरीत कपडे वाळत घातले होते. गॅलरीखालून रूळ जात आणि समोरच्या वळणावर सिग्नलचा खांब होता. दूध तापत ठेवायचं ते त्याचा रंग बघून. घड्याळाचे सेल संपले तरी तिचं काही अडत नसे.

त्या सकाळी मात्र दूध उतू गेलं. रात्रभर नवरा पलंगाच्या कडेवर बसून होता. आदल्या संध्याकाळी त्याच्या गाडीखाली फाटकावर एक सायकलवाला आला होता. हॉर्न वाजवला, ब्रेक लावले. पण एवढी मोठी गाडी काय जागच्या जागी थांबते? "हिरवा होता गं," एवढंच तो म्हणत होता. "चौकशीत विचारतील. हिरवा होता."

"विचारू देत. आधी चहा घ्या."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण असेल म्हणून तिने कडी काढली आणि दार तिच्या कपाळावर आदळलं.

दोघे आत घुसले. पहिला तिशीचा, डोळे रडून सुजलेले. दुसरा त्याचा मेहुणा, हातात लोखंडी सळई. पहिल्याने ड्रायव्हरची कॉलर धरून त्याला पलंगावरून ओढलं. "माझा धाकटा भाऊ चिरडलास आणि घरी बसून चहा पितोस?"

"अरे बाबा, ऐकून तर…"

पुढचे शब्द तोंडातच राहिले. सळई जबड्यावर बसली. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रक्त उडालं. तो कोसळला तसा मेहुण्याने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. तो ओरडतही नव्हता. जबडाच हलत नव्हता.

तिने शेगडीवरचं पातेलं उचललं आणि उकळता चहा मेहुण्याच्या दंडावर फेकला. तो किंचाळला आणि तिच्या झिंज्या धरून त्याने तिला ओट्यावर आपटलं. दातांत काहीतरी करकरलं. ती तोंडातलं रक्त थुंकली आणि तशीच सरपटत नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली.

"बाजूला हो, बाई!" थोरला भाऊ ओरडला. "तुला मारायचं नाहीये."

"मग कुणाला मारतोयस ते तरी नीट ठरव."

"ठरलंय! हे बघ!" त्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "अख्ख्या गावात फिरतोय हा फोटो. लाल आहे ना सिग्नल? लाल तोडून आला तुझा नवरा!"

तिने पदराने डोळ्यांतलं रक्त पुसलं. फोटोत सिग्नलचा खांब होता, चार दिव्यांपैकी सगळ्यात खालचा पेटलेला, लालभडक. खांबाला लागूनच गाडीचे शेवटचे डबे उभे होते.

"गाडी खांबाच्या पुढे गेलीये यात," ती म्हणाली. "इंजिन तर फाटकाच्याही पलीकडे."

"तेच तर! लाल असताना गेली!"

"नाही रे. गेली म्हणून लाल झाला."

"दाजी, बनवतेय ही," मेहुण्याने सळई पुन्हा उचलली. "संपवू का?"

"बनवत असेन तर मग मार," ती म्हणाली. तिने मागच्या बाजूला बोट दाखवलं. "ती गॅलरी. तो खांब. याच फोटोतल्यासारखा, चार दिव्यांचा. आत्ताच एक गाडी गेलीये. पुढची येईपर्यंत थांबा. मी म्हणते तसं झालं नाही, तर दोघांना मारा. मी हात आडवा करणार नाही."

थोरल्याने तिला दंडाला धरून गॅलरीत खेचलं. मेहुणा सळई ड्रायव्हरच्या गळ्यावर टेकवून दारात उभा राहिला. आतून घरघर ऐकू येत होती. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"लाल आहे," थोरला म्हणाला.

"गेलेली गाडी अजून पुढच्या टप्प्यात आहे म्हणून. लाल म्हणजे थांब, एक चाकही पुढे नको. ती थोडी लांब गेली की एकच पिवळा लागेल."

आणि लागला.

"हा ड्रायव्हरला काय सांगतो? जा, पण पुढचा सिग्नल लाल मिळेल, तिथे थांबायच्या तयारीने जा. आता दोन पिवळे होतील."

थोरला खांबाकडे टक लावून होता. त्याची बोटं तिच्या दंडात रुतली होती. खांबावर वरचा दुसरा पिवळाही पेटला.

"दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल एक पिवळा आहे. वेग आवरत घे. आणि आता हिरवा."

हिरवा झाला.

"पुढे मोकळं आहे, ये बिनधास्त. फाटकाच्या सिग्नलचं तर आणखी एक आहे. फाटक खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय तो लाल सोडतच नाही."

रूळ गुणगुणायला लागले. गाडी गॅलरीखालून धडधडत गेली, दोरीवरचे कपडे उडाले. इंजिन हिरव्यापाशी पोचलं, पुढची चाकं खांब ओलांडून गेली आणि हिरवा विझला. लाल पेटला. त्या लालाशेजारून एकामागून एक डबे जातच राहिले.

"बघ," ती म्हणाली. "काढ आता फोटो. हाही ड्रायव्हर लाल तोडून गेला का? तो लाल पुढे गेलेल्यासाठी नाही. मागून येणाऱ्यासाठी आहे, या गाडीच्या पाठीत दुसरी घुसू नये म्हणून."

मेहुणा दारातून म्हणाला, "पण काल आधी हिरवाच होता कशावरून?"

"मी नव्हते तिथे. स्टेशनातलं सिग्नलच्या नोंदीचं यंत्र सांगेल, चौकशीवाले सांगतील. हे म्हणतात हिरवा होता. मी एवढंच सांगते, तुमचा फोटो काहीच सांगत नाही."

थोरल्याने तिचा दंड सोडला. तो खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर.

"फाटक बंद होतं," तो म्हणाला. "त्याने फोन केला होता मला. दादा, फाटकावर अडकलोय म्हणाला. मी म्हटलं, अरे वाकून ये की दांड्याखालून, सगळेच येतात…" त्याने मोबाइल फरशीवर आपटला. काच फुटली. मग फुटक्या काचेवरच मूठ आपटली, पुन्हा पुन्हा, बोटं रक्ताळेपर्यंत. "लाल दिसला फोटोत, तेव्हा वाटलं, ड्रायव्हरचाच गुन्हा. माझा नाही."

मेहुण्याच्या हातातली सळई खाली पडली. तो एक पाऊल मागे सरला, मग जिन्यावरून त्याची पावलं धडाधड उतरत गेली.

तिला त्या मुलाच्या तोंडात मारावीशी वाटली आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवावासा वाटला. दोन्हीला वेळ नव्हता. आत नवऱ्याचे ओठ निळे पडत चालले होते, श्वास शिट्टीसारखा येत होता. तिने त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त बोटाने काढलं आणि उशीचा अभ्रा जबड्याखाली धरला. त्याच्या काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला; तो हलेना.

"काकू," गॅलरीतून आवाज आला, "मी… मी काय करू?"

"पायांकडून धर यांना," ती म्हणाली. "खाली रिक्षापर्यंत न्यायचंय. तेवढं कर."