पत्रिकेतली निमंत्रकाची ओळ

माझ्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ मीच वाचलं. आमच्या घरात तेव्हा इंग्रजी वाचू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. नांदेडला मामाकडं राहून मी बी.ए. झाले होते. मामांनी तीन वर्षं ठेवून घेतलं, मामींनी कधी ताट वेगळं मांडलं नाही, आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींनी सातवीतच वडिलांना सांगून ठेवलं होतं की हिला थांबवू नका. या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे. त्यातून मला जे मिळालं, त्याचा पहिला उपयोग हा असा झाला.

शिरूर अनंतपाळच्या जवळ आमचं गाव. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवरा मुलगा नव्या जिल्हा कचेरीत कारकून. त्याच्या वरचे दोन-तीन साहेब बाहेरच्या राज्यातले होते, म्हणून पत्रिका एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापायची असं वडिलांनी ठरवलं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. पहिलं प्रूफ त्यांनी लातूरहून स्वतः आणलं, बनियनच्या खिशात घडी करून. कागदावर घामाचा डाग होता.

"वाच बरं," ते म्हणाले. "इंग्रजी मोठ्यानं वाच. समजत न्हाई, पण ऐकू दे."

मी वाचलं. त्यांनी आईकडं बघितलं. "तुझं नाव इंग्रजीत लई झ्याक वाटतंय."

"गप ऱ्हावा," आई म्हणाली. आईला आम्ही अव्वा म्हणायचो.

त्यानंतर अप्पांना ताप आला. लातूरच्या दवाखान्यात नेलं, आणि त्यांना परत आणलं ते समाधी द्यायलाच. फार सांगण्यासारखं नाही. लोक आले, बसले, गेले. विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून आलेल्यांना पाय धुवायला पाणी देता आलं नाही, त्याचंच अव्वाला वाईट वाटत होतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. माणसं बोलायची ते भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाकडची मंडळी आली. लग्नाचं काय, असं त्यांनी विचारलं नाही, पण विचारायलाच आली होती. काकांनीच विषय काढला. काका अप्पांहून थोरले. "आपण लिंगायत. आपल्यात सुतक पाळत न्हाईत. तारीख हाय तीच ऱ्हाईल," ते म्हणाले. मंडळींना बरं वाटलं. फक्त जागा बदलायची ठरली. गावात एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठून पाजणार? लातूरला मंगल कार्यालय घ्यायचं, तिथं टँकर येतो.

मग काका म्हणाले, "पत्रिका दुरुस्त कराया लागंल. चल संगट. इंग्रजी बाजू तुलाच बघावी लागंल."

छापखाना गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होता. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, मागं छपाईचं ट्रेडल मशीन. एक कंपोझिटर खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांसमोर उभा राहून काम करत होता. मालक साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेले. मी कोण ते काकांनी सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"नवरी? स्वतः प्रूफ वाचायला? तीस वर्षं छापखाना चालवतोय बाई, नवरदेव येतेत, सासरे येतेत. नवरी पहिल्यांदा बघतोय."

"घरात तीच शिकलेली," काका म्हणाले.

"मग बसा, बाईसाहेब. चहा सांगतो."

काकांनी बदलाची चिठ्ठी आधीच पाठवली होती. त्याप्रमाणं खिळे बदलून ओलसर कागदावर दुसरं प्रूफ काढलेलं होतं. मालकांची रीत अशी की एकानं हातानं लिहिलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून मागून जायचं. आपलंच लिहिलेलं आपणच तपासलं की डोळा फसतो, म्हणाले. ते वाचू लागले, मी बोट ठेवलं.

मराठी बाजू सरळ निघाली. वर कुलदैवताचं नाव. तिथी, वार, तारीख. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यात वार आणि तारीख जुळतात का ते पाहिलं. जुळत होते. दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. मंगल कार्यालय, लातूर. सगळं चिठ्ठीबरहुकूम.

मग निमंत्रकाची ओळ आली. पहिल्या प्रूफात तिथं अव्वाचं आणि अप्पांचं नाव होतं, 'सौ. व श्री.' लावून. आता काका-काकूंचं होतं. अप्पांचं नाव वर सरकलं होतं, माझ्या नावाच्या आधी, 'लिं.' लावून. लिंगैक्य झालेल्या माणसाला आमच्यात 'कै.' लिहीत नाहीत. अव्वाचं नाव कुठंच नव्हतं. मी पत्रिकेत लिं. अमुक यांची कन्या आणि काकांची पुतणी होते.

मी बोट पुढं सरकवलं. चिठ्ठीत तसंच होतं, आणि प्रूफ चिठ्ठीप्रमाणं बरोबर होतं.

"आता इंग्रजी," मालक म्हणाले. "ही तुम्हीच बघा. आमच्या कंपोझिटरला अक्षरं जुळवता येतेत, वाचता येत न्हाईत."

इंग्रजी बाजूला काहीच बदललेलं नव्हतं. काकांची चिठ्ठी मराठीत होती, तर कंपोझिटरनं मराठीचेच खिळे बदलले होते. तिथं लग्न अजून आमच्या गावी, राहत्या घरी होतं. गाव अजून उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, कारण पत्त्याची ओळ जिल्हा व्हायच्या आधीच्या कुठल्यातरी जुळवून ठेवलेल्या पत्रिकेची उचलली होती. वेळेपुढं पी.एम.च्या जागी ए.एम. पडलं होतं. म्हणजे साहेबांनी मध्यरात्री आमच्या गावी यायचं, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. पहिल्या प्रूफाच्या वेळी मोठ्यानं वाचण्याच्या नादात हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

मी एकेक चूक काढून समासात लिहीत गेले. जागा. जिल्हा. वेळ. मालक मान डोलवत होते. "ए.एम. तर मीबी बघितलं न्हाई," म्हणाले.

आणि वरच्या ओळीत अप्पा होते. 'मिस्टर अँड मिसेस', पुढं त्यांचं नाव, पुढं अव्वाचं, आणि ही दोघं आपल्या मुलीच्या लग्नाला आपण यावं अशी विनंती करत होती. इंग्रजी बाजूला अप्पांना अजून काही झालं नव्हतं.

मी पेन धरून बसले. चहा आला, त्यावर साय धरली. मशीन मागं चालू होतं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी 'मिस्टर' खोडून 'लेट' लिहिलं. मग पुढचं वाक्य अडलं. जो माणूस नाही तो विनंती कशी करणार? मी त्यांचं नाव त्या जागेवरून उचलून खाली नेलं. निमंत्रण देणारी म्हणून तिथं आता एकटी अव्वाच उरली होती. 'त्यांची मुलगी' याच्या जागी 'तिची मुलगी' असं करायचं, तेही केलं. 'मिसेस' तसंच राहिलं. इंग्रजीत ते बदलावं लागत नाही.

"झालं?" काकांनी विचारलं. "दोन्हीकडं सारखं हाय ना?"

इंग्रजी बाजू घरात कुणीच वाचणार नव्हतं. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला विचारलं होतं ते दोन्ही बाजू सारख्या आहेत का म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "मराठीत तुम्ही बोलावताय. इंग्रजीत अव्वा."

मालकांनी लगेच प्रूफ ओढून घेतलं. "हे चालणार न्हाई. एका पत्रिकेला निमंत्रक एकच. दोन बाजूला दोन घरं दिसली तर लोक मलाच हसतेत."

"मग इंग्रजीतबी माझं टाक," काका म्हणाले.

"अव्वाचं नाव पहिल्यापासून होतं," मी म्हणाले. "अप्पांनी घातलं होतं."

"व्हतं. तवा सवाशीण व्हती ती." काकांचा आवाज चढला नाही. ते चांगले माणूस होते, धावपळ सगळी तेच करत होते. "शुभकार्याच्या पत्रिकेवर रांडवेचं नाव कुठं बघितलंस? लोक काय म्हणतील? तुझ्याच संसाराला बरं न्हाई."

मालक चष्म्याची दोरी सारखी करू लागले. कंपोझिटरचा हात थांबला होता.

"काका," मी म्हणाले, "तारीख का बदलली नाही?"

"आता तारखेचं काय?"

"मुलाकडच्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

काकांनी चहाचा कप बाजूला सारला.

"आपल्यात सुतक नाही म्हणालात. अप्पा गेले तरी आपल्याला विटाळ नाही, म्हणून तारीख तीच ठेवली. मग तो अव्वालाच कसा लागला?"

माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. भांडत असल्यासारखं वाटत नव्हतं. जिल्हा चुकलाय, वेळ चुकलीय, तसंच हेही समासात लिहिल्यासारखं.

मालक हळूच म्हणाले, "बाईसाहेबांचं खरं हाय, पाटील. मीबी आपल्यातलाच. गळ्यातलं लिंग काय नवरा गेल्यावर काढून ठेवतेत का बाया?"

"तू छापायचं काम कर रे," काका म्हणाले. ते दिनदर्शिकेकडं वळले. मग म्हणाले, "तुझ्या काकूला काय सांगू?"

"दोघांची नावं विनीत म्हणून खाली घेऊ. अव्वाच्या खाली."

"माझ्या भावजयीच्या खाली मी?" ते थोडंसं हसले, ते गेल्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "लिव्ह. पर सौ. लावता यायचं न्हाई."

ते मला माहीत होतं. पहिल्या प्रूफाचा कागद मालकांकडं होता, त्यावरून अव्वाचं नाव मराठी बाजूला परत आणायचं होतं. आधीचं 'सौ.' मी खोडलं आणि समासात 'श्रीमती' लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मालकांनी सही मागितली, मी केली. कंपोझिटरनं गॅलीत जुळवून ठेवलेल्या मजकुराची दोरी सोडली आणि चिमट्यानं खिळे काढू लागला. आम्ही शेवटची एस.टी. सुटायच्या आत स्टँडवर गेलो. वाटेत काका एकच बोलले. "तुझ्या बापाला हे आवडलं असतं का, ते काय मला सांगता येईना."

घरी मी अव्वाला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. ती ज्वारी निवडत होती. "माझं नाव कशाला," म्हणाली, आणि निवडत राहिली. काढून टाक, असं म्हणाली नाही.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात ती दिसायची ती स्वयंपाकाच्या दारात, नाहीतर टँकरपाशी. काकूंनी तिला पुढं बोलावलं नाही, मागंही हटवलं नाही. लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकं म्हणू लागले तेव्हा मला फक्त समोरचा अंतरपाट दिसत होता. माणसं किती आली, साहेब आले का, यातलं काही मला आठवत नाही. अक्षता अंगावर पडत होत्या आणि त्या कुणाच्या ते कळत नव्हतं.

संध्याकाळी निघताना मी तिला विचारलं, "अव्वा, तू अक्षता टाकल्यास का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत.

"म्या बोलावलेलं लोक," ती म्हणाली. "म्या न्हाई टाकायच्या तर कोन?"