चाळीस गाऊन कुणी शिवले?

माझा लाल पेन फार वळवळतो, हे मान्यच आहे. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात शिलाईवाल्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आय कट माय हेअर."

मी फटकन विचारलं, "स्वतः कापलेत?"

वर्ग हसला, त्याही हसल्या. मग फळ्यावर लिहून दिलं, की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर 'आय हॅड माय हेअर कट' म्हणायचं. बोलताना 'आय गॉट माय हेअर कट' म्हटलं तरी चालतं.

पुढच्या आठवड्यात सांगितलं, की आपल्यावर काही वाईट ओढवलं तरी वाक्य असंच होतं: 'आय हॅड माय बॅग स्टोलन.'

मावशी तडकल्या. "अहो बाई, चोराला काय मी आवतण दिलं होतं?"

"नाही हो. करणारा दुसरा आणि भोगणारे आपण. करून घेतलं की भोगलं, ते प्रसंगावरून कळतं."

त्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'आय हॅड माय मशीन स्टोलन.' दुकान फोडून चोरांनी त्यांचं शिलाई मशीन नेलं होतं, आणि बावीस वर्षांचं दुकान त्यानंतर बंद पडलं होतं. हे मला त्या वाक्याबद्दल विचारल्यावर कळलं.

म्हणून तर त्यांना इस्पितळाच्या शिवणखोलीतली नोकरी हवी होती. मुलाखत इंग्रजीत होणार होती. आदल्या दिवशी त्यांनी त्याच पानावर, मशीनच्या वाक्याखाली, उत्तरं लिहून आणली. त्यात दुकानातल्या कामाबद्दल होतं, 'आय स्टिच्ड फोर्टी गाऊन्स.' मी घाईत होते. रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आय हॅड फोर्टी गाऊन्स स्टिच्ड.' विचारलंसुद्धा नाही. हाताला खोडच लागली होती!

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गात आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी.

"बाई, तुमचं वाक्य घडाघडा म्हटलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, कुणाकडून शिवून घेतलेत? आम्हाला शिवणारी हवी, शिवून घेणारी नको."

माझं तोंड एवढंसं झालं. "अगं बाई! मग?"

"मग काय, वही मिटली. म्हटलं, नो हॅड! आय स्टिच्ड! तिथल्याच मशीनवर बसले आणि एक बाही जोडून दाखवली. सोमवारपासून या म्हणाल्या."

मला रडूच आलं. "मावशी, चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच खोडा."

मी माझं 'हॅड' खोडलं. त्याच झपाट्यात पेन वरच्या ओळीकडे वळला, मशीनच्या. मावशींनी पटकन माझा हात धरला.

"ते राहू द्या, बाई. ते दुसऱ्यानंच केलं. गाऊन तेवढे माझे."